कडेला कापलेला चेहरा

स्टंट डबल मोटरसायकल घेऊन डावीकडून उजवीकडे येतो, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आल्यावर मान किंचित वळवतो आणि फ्रेमबाहेर निघून जातो. शॉट जेमतेम तीन सेकंदांचा. या डबलच्या चेहऱ्यावर नायकाचा चेहरा बसवायचा आहे, दोघांची लेखी संमती आहे, नायकाचे सगळ्या कोनांतले फोटोही हाताशी आहेत. फेस स्वॅपचा प्रोग्रॅम चालवला की पहिले दोन सेकंद छान जमून येतात. घोळ होतो तो शेवटी. चेहरा उजव्या कडेशी पोहोचला की बारीक होऊ लागतो, कडेला चिकटल्यासारखा मागे रेंगाळतो, आणि मग एखाद्या फ्रेमपुरता खरा डबलच डोकावून जातो. प्रेक्षकाला नेमकं काय बिघडलं ते सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकलं हे त्याला नक्की कळतं.

सिनेमात चेहरा बदलण्याचं काम जुनं आहे. १९९३च्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये छतातून लोंबकळणाऱ्या मुलीच्या डबलने वर पाहिलं, तेव्हा तिच्या चेहऱ्याच्या जागी एरियाना रिचर्ड्सचा चेहरा संगणकावर बसवला गेला. २०१०च्या ‘द सोशल नेटवर्क’मध्ये आर्मी हॅमरचा चेहरा जॉश पेन्सच्या अंगावर चढवून जुळे विंकलव्हॉस भाऊ उभे केले. ती कामं माणसं एकेक फ्रेम समोर घेऊन करत होती. चेहरा अर्धा बाहेर गेला तरी उरलेला अर्धा कुठे असायला हवा हे त्यांना दिसत होतं. आजच्या प्रोग्रॅमला ते दिसत नाही, कारण तो फ्रेमवर काम करतच नाही. तो एका लहानशा चौकोनावर काम करतो, आणि सगळ्या भानगडीचं मूळ त्या चौकोनात आहे.

हा चौकोन कसा ठरतो ते आधी पाहू. प्रोग्रॅम फ्रेममधला चेहरा शोधतो आणि त्यावर पाच बिंदू ठेवतो: दोन डोळे, नाकाचं टोक आणि ओठांचे दोन कोपरे. मग फ्रेम इतकी फिरवतो, लहान-मोठी करतो आणि सरकवतो की हे पाच बिंदू एका ठरलेल्या साच्यातल्या पाच जागांवर जमेल तितके जवळ येऊन बसतील. त्यातून चेहऱ्याचा सरळ उभा चौकोनी तुकडा मिळतो. ‘इनस्वॅपर’ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या मॉडेलमध्ये हा तुकडा फक्त १२८ बाय १२८ पिक्सेलचा असतो. मॉडेल या तुकड्यात नवा चेहरा रंगवतं, आणि तुकडा उलट्या वाटेने फिरवून, ताणून मूळ फ्रेमवर परत चिकटवला जातो. म्हणजे नव्या चेहऱ्याचा आकार, कल आणि जागा हे तिन्ही त्या पाच बिंदूंच्या हातात. मॉडेल कितीही चांगलं असलं तरी बिंदू चुकले की चेहरा चुकीच्याच जागी बसणार.

आता आपल्या मोटरसायकलवाल्याकडे वळू. फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेलची आहे. तो जवळ आल्यावर त्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर २४० पिक्सेल भरतं. साच्यात हेच अंतर १२८पैकी सुमारे ३५ पिक्सेल असतं. त्रैराशिक मांडलं की फ्रेमवरचा चौकोन साधारण ८७० पिक्सेल लांब-रुंद निघतो. साच्यात डोळे वरून चाळीस टक्क्यांवर असतात, त्यामुळे चौकोनाचा सुमारे ३५० पिक्सेलचा भाग डोळ्यांच्या वर जातो. आपल्या शॉटमध्ये डोळे फ्रेमच्या वरच्या कडेपासून फक्त १५० पिक्सेलवर आहेत, कारण कॅमेरामनने क्लोजअपमध्ये डोक्याचा वरचा भाग कापला आहे. सगळेच कापतात. तेव्हा चौकोनाचा वरचा २०० पिक्सेलचा पट्टा आकाशात लोंबतो. तिथे चित्रच नाही.

ही त्यातल्या त्यात सोपी परिस्थिती. कपाळ कापलेलं असलं तरी पाचही बिंदू फ्रेमच्या आत आहेत, त्यामुळे आकार आणि कल बरोबर येतात. प्रश्न एवढाच की त्या रिकाम्या पट्ट्यात मॉडेलला काय दाखवायचं. काही प्रोग्रॅम तिथे काळा रंग भरतात. मॉडेलला तो काळा पट्टा ‘रिकामी जागा’ म्हणून कळत नाही. ते त्याच्याकडे चित्राचा भाग म्हणूनच पाहतं, आणि मग भुवयांच्या वरचा भाग काळवंडतो, नाहीतर तिथे न शोभणारी सावली किंवा केसांची कड उमटते. काही प्रोग्रॅम कडेचाच पिक्सेल बाहेरच्या बाजूला ओढत नेतात. तो पट्टा रेघारेघांचा दिसतो, पण रंग कपाळाच्या जवळचा राहतो, म्हणून त्याचा त्रास कमी. चेहरे साफ करणाऱ्या ‘फेसएक्सलिब’ या संचात रिकामी जागा १३५, १३३, १३२ अशा करड्या रंगाने भरलेली असते. काळ्याऐवजी मधला करडा निवडणाऱ्याने हा त्रास पाहिलेला असणार, असं मला नेहमी वाटतं.

गाडी आणखी पुढे येते. नाकाच्या रेषेत धरलेला चेहऱ्याचा मध्य आता १८६० पिक्सेलवर आहे. म्हणजे आपल्याला उजवीकडे दिसणारा डोळा १९८०वर असायला हवा, कडेच्या ६० पिक्सेल बाहेर. उजवीकडचा ओठांचा कोपराही ४० पिक्सेल बाहेर. नाक, डावा डोळा आणि ओठांचा डावा कोपरा आत आहेत. चौकोनाचा ४३ टक्के भाग उजव्या बाजूने हवेत आहे.

इथे प्रोग्रॅम दोन प्रकारे फसतो. पहिल्या प्रकारात त्याला चेहरा सापडतच नाही. डिटेक्टर प्रत्येक चेहऱ्याला खात्रीचा आकडा देतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो ०.५च्या खाली गेला की चेहरा सोडून दिला जातो. अर्ध्या चेहऱ्याचा आकडा या रेषेच्या आसपास घुटमळतो. एका फ्रेममध्ये ०.५३, पुढच्यात ०.४८ असं झालं की नायक, डबल, नायक अशी उघडझाप सुरू होते. हा दोष ओळखायला सोपा, कारण तो लुकलुकतो.

दुसरा प्रकार जास्त फसवा. चेहरा सापडतो, पण बाहेरचे दोन बिंदू आत ओढले जातात. कधी प्रोग्रॅममध्येच कुणीतरी ‘बिंदू फ्रेमच्या बाहेर जाता कामा नये’ असं लिहून ठेवलेलं असतं. कधी बिंदू शोधणारं मॉडेलच अख्खे चेहरे पाहून शिकलेलं असल्यामुळे दिसत नसलेला डोळा कडेच्या आत कुठेतरी कल्पून टाकतं. आपल्या उदाहरणात १९८०वरचा डोळा १९१९वर येतो आणि ओठांचा कोपराही तिथेच. आता हे पाच बिंदू साच्यावर बसवायला घेतले की चेहरा अरुंद असल्यासारखा दिसतो. साचा चेहऱ्याला फक्त सरसकट लहान-मोठं करू शकतो, एकट्या रुंदीत दाबू शकत नाही. म्हणून तो सगळ्यांची थोडी थोडी समजूत काढतो. मी हे गणित मांडून पाहिलं तेव्हा नवा चेहरा खऱ्यापेक्षा सुमारे सात टक्के लहान, वीसेक पिक्सेल डावीकडे सरकलेला आणि जवळजवळ दीड अंशाने कललेला निघाला.

एका फ्रेमपुरतं हे चालून गेलं असतं. पण गाडी पुढे जात राहते. प्रत्येक फ्रेमला बाहेरचे बिंदू आणखी बाहेर जायला हवेत आणि ते मात्र १९१९वरच अडून बसतात. त्यामुळे चेहरा दर फ्रेमला थोडा थोडा आक्रसत जातो आणि डोक्याच्या मागे पडतो. कान आणि केस डबलचे असतात, ते नीट पुढे सरकतात. गाल, नाक, डोळा मात्र कडेला अडकतात. सुरुवातीला सांगितलेला ‘चिकटलेला चेहरा’ तो हाच. तपासायचा असेल तर शॉट फ्रेम-फ्रेमने पुढे नेत कान आणि डोळ्याच्या कोपऱ्यातलं अंतर मोजा. मान वळत नसताना ते कमी होत गेलं तर बिंदू आत ओढले जात आहेत हे पक्कं समजावं.

आता उपाय. सर्वांत आधी करायची गोष्ट प्रोग्रॅमच्या बाहेरची आहे: मूळ चित्र खरंच इथेच संपतं का ते विचारायचं. सिनेमातल्या व्हीएफएक्सवाल्यांना ओव्हरस्कॅनची, म्हणजे दिसणाऱ्या फ्रेमभोवती जास्तीचं चित्र ठेवण्याची सवय असते. पण छोट्या निर्मितीत एडिटरच्या हातात कापलेली क्लिप येते आणि कॅमेऱ्यातली मूळ फाइल कुठल्यातरी हार्ड डिस्कवर पडून असते. रुंद पडद्यासाठी २.३९ या प्रमाणात कापलेल्या १९२० रुंदीच्या चित्रात सुमारे ८०३ ओळी उरतात. मूळ फाइल १०८० ओळींची असेल तर वर आणि खाली प्रत्येकी १३८ ओळी फुकटात मिळतात, आणि हरवलेलं कपाळ बऱ्यापैकी परत येतं. लग्नाच्या ग्रुप फोटोत कडेची आत्या अर्धी कापली गेली असेल तर फोटोग्राफरकडे न कापलेला फोटो मागावा. अल्बमच्या पानासाठी तो बहुतेक वेळा कापलेला असतो.

याच ओघात काळ्या पट्ट्यांचं एक सांगून टाकतो. काही क्लिपमध्ये वर-खालचे काळे पट्टे चित्रातच भाजलेले असतात. प्रोग्रॅमला ते पट्टे चित्राचाच भाग वाटतात. मग तो नायकाचं कपाळ खुशाल काळ्या पट्ट्यावर चिकटवतो आणि डोकं पडद्याच्या बाहेर फुगून आल्यासारखं दिसतं. आधी पट्टे कापून टाकायचे, चेहरा बदलायचा, पट्टे शेवटी परत लावायचे. पाच मिनिटांचं काम, पण ते विसरलेले व्हिडिओ ढिगाने दिसतात.

मूळ चित्रात खरंच काही शिल्लक नसेल तर फ्रेमच मोठी करायची. कडेला रिकामी जागा जोडायची, त्या मोठ्या फ्रेमवर चेहरा बदलायचा आणि मग जोडलेली जागा कापून टाकायची. किती जोडायची हे चौकोनावरून ठरतं. नाकाचं टोक कडेला टेकेपर्यंत चेहरा बदलायचा ठरवला, तर त्या क्षणी निम्मा चौकोन, म्हणजे सुमारे ४३६ पिक्सेल, उजवीकडे बाहेर असेल. थोडी सूट धरून उजवीकडे ४५० आणि वर २५० पुरे. हे काम करणाऱ्या दोन ओळी अशा:

```
ffmpeg -i shot.mp4 -vf "pad=iw+450:ih+250:0:250:gray" -crf 12 big.mp4
ffmpeg -i swapped.mp4 -vf "crop=1920:1080:0:250" -crf 12 final.mp4
```

पहिली ओळ उजवीकडे आणि वर करडी जागा जोडते; दुसरी, चेहरा बदलून झाल्यावर, मूळ चित्राची चौकट जशीच्या तशी कापून काढते. `-crf 12` एवढ्यासाठी की दोनदा साठवताना चित्राचा दर्जा फार उतरू नये. ‘इनस्वॅपर’सारखा प्रोग्रॅम स्वतः पायथॉनमधून चालवणारे हेच काम `cv2.copyMakeBorder` वापरून करतात.

यात तीन फायदे एकदम होतात. बाहेरचा डोळा आता करड्या जागेत का होईना, पण ‘फ्रेमच्या आत’ असतो, त्यामुळे बिंदू आत ओढले जात नाहीत. फ्रेम भरून टाकणाऱ्या चेहऱ्यांवर डिटेक्टर अनेकदा गडबडतो, त्याला भोवती मोकळी जागा मिळते. आणि चिकटवण्याची कड, जिच्याबद्दल पुढे सांगतो, मूळ फ्रेमच्या बाहेर पडते. तोटा एकच. बरेच डिटेक्टर अख्खी फ्रेम ६४० पिक्सेलमध्ये दाबून पाहतात. आपल्या क्लोजअपला त्याने काही होत नाही, पण पन्नास माणसांच्या ग्रुप फोटोला चारही बाजूंनी भरमसाट जागा जोडली तर चेहरे तीळभर होतात आणि मागच्या रांगेतले सापडेनासे होतात. म्हणून जिकडे कापलं आहे तिकडेच जागा जोडावी.

जागा कशाने भरायची यातही एक खड्डा आहे. फोटो एडिटरमध्ये आरशासारखं भरण्याची सोय असते: कडेजवळचं चित्र उलटं करून बाहेर लावलं जातं. पार्श्वभूमीला किंवा केसांना ते शोभतं. पण कड चेहऱ्यातून जात असेल तर डावा अर्धा चेहरा उलटून उजवीकडे येतो आणि एक अख्खा, दोन्ही बाजूंनी नेमका सारखा, खोटा चेहरा तयार होतो. डिटेक्टर त्यावर खूश होतो, खात्रीचा आकडा वर जातो, आणि नायकाचा चेहरा नाकाऐवजी फ्रेमची कड मध्यभागी धरून बसतो. साधा करडा रंग दिसायला ओबडधोबड, पण तो असं खोटं बोलत नाही. मशीनकडून पुढचं चित्र रंगवून घेणं, म्हणजे आउटपेंटिंग, एकट्या फोटोसाठी चांगलं चालतं. व्हिडिओत मात्र प्रत्येक फ्रेमला वेगळाच कान रंगवला जातो आणि त्याची थरथर चेहऱ्यात उतरते.

जागा जोडूनही बाहेरचे बिंदू डळमळतात, कारण तिथे खरा डोळा नाहीच. मॉडेल अंदाज करत असतं. इथे मला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे ते बिंदू सरळ टाकून देणं. आकार, कल, आडवी जागा, उभी जागा अशी चारच उत्तरं काढायची असतात आणि एक बिंदू दोन आकडे देतो. म्हणजे हिशेबाला दोन बिंदूही पुरतात. आपल्याकडे तर तीन दिसणारे बिंदू आहेत. डावा डोळा आणि ओठांचा डावा कोपरा यांच्यात सुमारे २७८ पिक्सेलचं अंतर आहे. त्यातला एखादा बिंदू पाच पिक्सेलने चुकला तर चेहरा फार तर एका अंशाने कलेल. कल्पनेतल्या दोन बिंदूंनी केलेल्या नुकसानीपेक्षा हे परवडतं. मान वळत असेल तर नाकावरही फार भिस्त ठेवू नये, कारण ते चेहऱ्याच्या पातळीतून पुढे आलेलं असतं आणि थोड्या वळण्यानेही बरंच सरकतं. ज्या शेवटच्या फ्रेममध्ये पाचही बिंदू नीट आत होते तिथला आकार आणि कल धरून ठेवायचा, पुढच्या फ्रेममध्ये दिसणाऱ्या बिंदूंनी फक्त जागा ठरवायची. पाऊण सेकंदात डोकं फारसं लहान-मोठं होत नाही, त्यामुळे हे बहुतेक वेळा निभावतं. गाडी सरळ कॅमेऱ्यावर चाल करून येत असेल तर मात्र निभावत नाही. तेव्हा आकारही फ्रेमगणिक वाढवत न्यावा लागतो.

राहिली चिकटवण्याची कड. नवा चेहरा मूळ चित्रात मिसळून जावा म्हणून चौकोनाच्या कडा मऊ केल्या जातात: मध्यभागी पूर्ण नवा चेहरा, कडेकडे जाताना हळूहळू मूळ. हा मऊपणा चौकोनाच्या खऱ्या कडेला हवा. काही प्रोग्रॅम मात्र चौकोन आधी फ्रेमपुरता कापतात आणि उरलेल्या भागाच्या चारही कडा मऊ करतात. मग फ्रेमच्या उजव्या कडेलगत डबलचा स्वतःचा गाल उभ्या पट्टीसारखा दिसू लागतो. दोघांच्या रंगात फरक असेल तर ती पट्टी लगेच उठून दिसते. डबलला दाढी असेल तर विचारूच नका. जागा जोडून काम केलं की हा प्रश्न उरत नाही, कारण मऊ होणारा भाग नंतर कापला जाणाऱ्या करड्या पट्टीत जातो.

आणि कुठे थांबायचं? माझं मत असं की नाकाचं टोक फ्रेमबाहेर गेलं की चेहरा बदलण्याचा हट्ट सोडावा. उरतात ते एक डोळा, गाल आणि कान. दोनचार फ्रेममध्ये एवढ्यावरून माणूस ओळखू येत नाही. तिथे नवा चेहरा चार-सहा फ्रेममध्ये विरवत न्यायचा आणि डबलच्या त्वचेचा रंग नायकाच्या रंगाला जुळवून सोडून द्यायचा. डोळ्यांच्या खालीच फ्रेम कापलेली असेल, नुसते ओठ आणि हनुवटी दिसत असतील, तर सुरुवातच करू नये. ओठांचे दोन कोपरे एकमेकांपासून फार जवळ असतात आणि माणूस बोलला की हलतात. त्यांच्या जिवावर अख्ख्या चेहऱ्याचा कल ठरवणं म्हणजे जुगार.

हे सगळं एडिटिंगच्या टेबलावर, निवांत वेळ असताना शक्य आहे. थेट व्हिडिओ कॉलवर चेहरा बदलणाऱ्याला तो वेळ मिळत नाही. त्याचा प्रोग्रॅम प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या अंशात उरकतो आणि पुढचे फ्रेम त्याला माहीत नसतात, म्हणून बिंदू धरून ठेवणं, विरवत नेणं या गोष्टी त्याला अवघड जातात. ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्याने कुणी कॉल करून पैसे मागत असेल तर त्याला खुर्ची बाजूला सरकवून अर्धा चेहरा पडद्याबाहेर जाईल असं बसायला सांगावं, आणि तसंच हळूच परत यायला. गाल कडेला अडकतो का, चेहरा कानापासून सुटतो का, क्षणभर दुसराच कुणी दिसतो का, हे पाहावं. यातलं काही दिसलं तर कॉल तिथेच बंद करावा. काहीच दिसलं नाही, तरी समोरच्याने कडेला जागा जोडून ठेवलेली असू शकते. म्हणून त्या माणसाच्या नेहमीच्या नंबरवर आपणच फोन लावून विचारावं आणि तोवर पैसे पाठवू नयेत.